अनाउन्समेंट अर्धीच ऐकू आली? फलाट आणि वेळ पक्की करण्याची पद्धत

मोठ्या जंक्शनवर अनाउन्समेंट पूर्ण ऐकू येईलच असं धरून चालू नका. नेमका तुमच्या गाडीचा नंबर उच्चारला जातो तेव्हा शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत जाते किंवा चहावाला कानाशी ओरडतो. मग "गाडी क्रमांक एक एक शून्य..." एवढं कळतं, पुढचं घरघरीत जातं आणि शेवटी "...वर येत आहे" एवढंच हाती लागतं. अशा वेळी नवखा माणूस गर्दी जिकडे पळते तिकडे पळतो. ती गर्दी भलत्याच गाडीची असू शकते.

आम्ही मनमाडला नेहमी गाडी बदलतो, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो. तुम्हाला मनमाडहून नागपूरला जायचंय आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचं आरक्षण आहे. ही गाडी कोल्हापूरहून गोंदियाला जाते तेव्हा तिचा नंबर ११०३९ असतो आणि गोंदियाहून कोल्हापूरला येते तेव्हा ११०४०. दोन्ही गाड्या मनमाडवरूनच जातात. वेळापत्रकात दोघींमध्ये काही तासांचं अंतर आहे, पण एखादी लांबली की दोघींच्या अनाउन्समेंट एकाच तासात ऐकू येतात. शेवटच्या दोन आकड्यांच्या फरकाने माणूस नागपूरऐवजी पुण्याला पोचेल अशी ही जागा.

जवळ काय असू द्यावं

- तिकीट किंवा त्याचा मेसेज. गाडीचा पाच आकडी नंबर आधीच वेगळा लिहून ठेवा.
- चार्ज असलेला मोबाईल आणि त्यात `NTES` हे रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप. ब्राउझरमध्ये `enquiry.indianrail.gov.in/mntes` उघडलं तरी तीच माहिती मिळते.
- १३९ हा नंबर. नेट अडकलं तर यावर फोन करून गाडीची चौकशी करता येते.
- स्टेशनचा कोड. मनमाडचा `MMR`. दादरला दोन कोड आहेत, मध्य रेल्वेचा `DR` आणि पश्चिमेचा `DDR`. चुकीचा टाकलात तर तुमची गाडी यादीत दिसणारच नाही आणि ती रद्द झाली की काय अशी धास्ती बसेल.

## १. वाक्याचा साचा आधी ओळखा

बहुतेक मोठ्या स्टेशनांवर कोणी माईकसमोर बसून सगळं वाक्य बोलत नसतं. आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे जोडून वाक्य तयार होतं. घोषणा कक्षातला कर्मचारी गाडीचा नंबर, फलाट आणि परिस्थिती भरतो आणि यंत्र बोलतं. प्रवाशाच्या दृष्टीने यातली सोयीची गोष्ट ही, की क्रम सहसा बदलत नाही. आधी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे", मग नंबर एकेक आकडा सुटा करून, मग कुठून कुठे, मग गाडीचं नाव, आणि सगळ्यात शेवटी फलाट.

म्हणजे सुरुवातीची धून वाजली की गप्प व्हायचं. नंबर लगेच येणार आहे, फलाट काही सेकंदांनी. सगळं वाक्य पकडायच्या मागे लागू नका. नंबरचा शेवटचा आकडा आणि वाक्याच्या शेवटचा आकडा, या दोनच ठिकाणी कान लावा. ११०३९ आणि ११०४० यांत पहिले तीन आकडे सारखेच आहेत, त्यामुळे "एक एक शून्य" ऐकून उठणं म्हणजे काहीच न ऐकता उठणं.

नाव ऐकून तर मुळीच उठू नका. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन आणि डेक्कन एक्सप्रेस या दोन वेगळ्या गाड्या आहेत, मुंबईहून सुटताना एक १२१२३ आणि दुसरी ११००७. "डेक्कन" एवढंच कानावर आलं तर कुठली ते कळायला मार्ग नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसला तर दोन्ही दिशांना नाव एकच आहे.

वाक्याची फक्त शेपटी ऐकू आली तरी ती वाया जात नाही. शेवटी "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" किंवा हिंदीत "असुविधा के लिए हमें खेद है" असं आलं, तर गाडी लांबली आहे किंवा काहीतरी बदललं आहे. नुसतं "येत आहे" म्हणून संपलं तर गाडी जवळ आली.

## २. उभं कुठे राहायचं

दोन भोंग्यांच्या मधल्या जागेत उभं राहू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जवळच्या भोंग्यापेक्षा ७० मीटर लांब असलेल्या भोंग्याचा आवाज साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा येऊन त्याच शब्दावर आदळतो. पत्र्याच्या छताखाली त्यात प्रतिध्वनीची भर पडते. एका भोंग्याच्या जवळ गेलात की त्याचाच आवाज वरचढ होतो आणि शब्द सुटे होतात. अगदी खाली उभं राहून कान किटवून घ्यायची गरज नाही, चार-पाच पावलांवर पुरे.

फलाट पक्का होईपर्यंत बसायची माझी आवडती जागा म्हणजे पादचारी पुलाच्या जिन्याचा पायथा. तिथून कुठल्याही फलाटावर जाता येतं. सामान घेऊन फलाटाच्या टोकाला बाकडं मिळालं म्हणून जाऊन बसलात आणि फलाट बदलला, की आधी जिन्यापर्यंतच धावावं लागतं. कुठले दोन फलाट पाठीला पाठ लावून आहेत तेही बघून ठेवा. तीनचा चार झाला आणि दोन्ही एकाच ओट्यावर असले, तर नुसतं तोंड फिरवायचं असतं.

## ३. आकडा तीन भाषांत ताडून बघा

महाराष्ट्रात तीच घोषणा सहसा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. बरेच जण आपली भाषा संपली की लक्ष काढून घेतात. खरं तर तिथून पुढेच कामाला लागायचं असतं.

गोंगाटात स्वर टिकतात आणि व्यंजनं हरवतात, कारण स, च, ठ यांसारख्या आवाजांत जोर कमी असतो. मराठीत चार, पाच, सात, आठ या चारही आकड्यांत ठळक ऐकू येणारा स्वर एकच, 'आ'. गोंगाटातून आलेला "...आ...त" सातही असू शकतो आणि आठही. हिंदीत चार, पाँच, सात, आठ म्हणजे तीच गत. पण इंग्रजीतले सेव्हन आणि एट एकमेकांपासून इतके दूर आहेत की गोंधळ होत नाही. उलट इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन सारखे वाटतात, तेव्हा मराठीतला पाच किंवा नऊ सोडवणूक करतो.

दोन आकडी फलाटांचंही तसंच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला १८ फलाट आहेत आणि लांबच्या गाड्या ८ ते १८ वरून सुटतात. तिथे अकरा, बारा, तेरा, अठरा यांतला शेवटचा "रा" तेवढा कानी पडतो. इंग्रजीतले इलेव्हन, ट्वेल्व्ह, थर्टीन मात्र वेगवेगळे ऐकू येतात. थर्टीन की फोर्टीन असा घोळ झाला तर मराठीतलं तेरा आणि चौदा तो मिटवतं.

म्हणून सवय अशी लावा: मराठीत ऐकलेला अंदाज तोंडाने पुटपुटायचा, "सात किंवा आठ". मग हिंदीच्या वेळी फारशी अपेक्षा ठेवायची नाही आणि इंग्रजीत फक्त त्या दोघांतला कोण ते ऐकायचं. दोनच पर्यायांतला एक ओळखायचा असला की कान बराच चांगला चालतो.

काही स्टेशनांवर आकड्यामागे अक्षरही असतं. कल्याणला १ आणि १ए असे वेगळे फलाट आहेत. गडबडीत "ए" गिळला जातो, म्हणून तिथे "एक" ऐकलं तर बोर्डावर खात्री केल्याशिवाय हलू नका.

## ४. "ऐवजी" ऐकू आलं तर

फलाट बदलल्याची घोषणा सर्वांत फसवी, कारण तिच्यात दोन आकडे असतात. मराठीत ती साधारण अशी असते: "फलाट क्रमांक तीन ऐवजी फलाट क्रमांक पाच वर येईल." जुना आकडा आधी, नवा नंतर. पहिला आकडा ऐकून मागचा गोंगाटात गेला, तर जिथे गाडी येणार नाही नेमक्या त्याच फलाटावर तुम्ही जाऊन उभे राहता. हिंदीत "के स्थान पर" येतं, क्रम तोच.

इंग्रजीत मात्र क्रम सहसा उलटतो. नवा फलाट आधी येतो, जुना नंतर. त्यामुळे मराठीत शेवटचा आकडा हुकला असेल तर इंग्रजीत पहिला पकडा.

हे बदल आयत्या वेळी का होतात? कुठल्या रुळावर गाडी घ्यायची हे स्टेशन मास्तर आणि नियंत्रण कक्ष ठरवतात. ठरलेल्या रुळावर आधीची गाडी अडकून बसली, की पुढचीला दुसरा रूळ द्यावा लागतो. तो निरोप घोषणा कक्षापर्यंत पोचून वाक्य वाजेपर्यंत गाडी बाहेरच्या सिग्नलला आलेली असते. म्हणून गाडी दिसेपर्यंत कान बंद करायचे नाहीत.

## ५. बोर्ड आधी, अ‍ॅप नंतर

फलाटाच्या बाबतीत स्टेशनवरचा इंडिकेटर अ‍ॅपपेक्षा वरचा मानावा. स्टेशनात भरलेल्या माहितीवरच बोर्ड आणि घोषणा दोन्ही चालतात. त्यामुळे न ऐकू आलेलं वाक्य बोर्डावर लिहिलेलं मिळतं. अ‍ॅपमध्ये दिसणारा फलाट बऱ्याचदा नेहमीचा, ठरलेला असतो. आयत्या वेळचा बदल तिथे उशिरा येतो किंवा येतच नाही.

बोर्डाची भाषा आणि पानं फिरत राहतात. तुमची ओळ सरकून गेली तर पुढचा फेरा येईपर्यंत थांबा, आणि नाव नव्हे तर नंबर वाचा.

## ६. वेळ मात्र फोनवर बघा, पण तारीख नीट निवडा

गाडी आत्ता कुठे आहे आणि किती वाजता येईल, यासाठी `NTES` चांगलं. `Spot Your Train` मध्ये नंबर टाकायचा किंवा `Live Station` मध्ये स्टेशनचा कोड देऊन पुढच्या काही तासांतल्या गाड्या बघायच्या. नंबर नीट ऐकूच आला नसेल तर दुसरा मार्ग बरा. यादीतून आपली गाडी डोळ्यांनी शोधता येते.

नवख्यांची खरी चूक होते ती तारखेत. `Spot Your Train` मध्ये जी तारीख विचारतात ती गाडी तिच्या पहिल्या स्टेशनावरून निघाल्याची असते. तुम्ही चढणार त्या दिवसाची नव्हे.

मनमाडचंच उदाहरण पुढे नेतो. तुमच्या तिकिटावर १२ तारीख आहे आणि तुम्ही १२ च्या पहाटे स्टेशनात आहात. पण ११०३९ कोल्हापूरहून निघाली ११ तारखेच्या दुपारी. अ‍ॅपमध्ये १२ निवडलीत तर `Yet to start from its source` असं दिसेल. माणूस हबकतो, गाडी अजून कोल्हापुरातच आहे म्हणतो आणि निवांत चहा प्यायला बाहेर पडतो. ती उद्याची गाडी आहे. ११ निवडा, मग नगर, कोपरगाव असं करत येणारी तुमची गाडी दिसेल. हेच वाक्य कधीही दिसलं आणि गाडी तुमच्या स्टेशनाला लांबून येणारी असली, तर पहिला संशय तारखेवर घ्या.

रात्री बारानंतरच्या गाड्यांचं गणितही लक्षात ठेवा. रेल्वेचं घड्याळ २४ तासांचं आहे आणि तारीख मध्यरात्री बदलते. ००.२० ची १२ तारखेची गाडी पकडायला ११ च्या रात्री जेवून निघावं लागतं. १२ च्या रात्री पोचलात तर ती आदल्या रात्रीच गेलेली असते.

नेट चालत नसेल तर १३९ लावा, भाषा निवडा आणि चौकशीचा पर्याय घ्या. नंबर कीपॅडवर टाकावा लागतो, म्हणून तो लिहून ठेवायला सांगितलं.

## ७. उशीर ऐकला तर

"निर्धारित वेळेपेक्षा..." एवढं ऐकून पुढचे आकडे गेले, तर दोन गोष्टी गल्लत करायला टपलेल्या असतात. कधी सांगितलेला आकडा हा किती उशीर ते असतं, कधी नवी वेळ असते. "एक तास तीस मिनिटे" हा उशीर. "एक वाजून तीस मिनिटांनी" ही वेळ. "तास" की "वाजून" एवढं तरी पकडा, बाकीचं फोनवर ताडून बघता येतं.

आणि सांगितलेला उशीर दगडावर कोरलेला नसतो. वेळापत्रकात काही ठिकाणी थोडा जास्तीचा वेळ धरलेला असतो, तिथे लांबलेली गाडी भरपाई करते. दीड तास उशिराची गाडी सव्वा तासाच्या उशिरावर येऊ शकते. मी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत फलाटाच्या आसपास असतो.

## ८. माणसाला विचारायचं, पण कसं

"महाराष्ट्र इथेच येणार ना?" असं विचारू नका. अशा प्रश्नाला दहातले बरेच जण मान डोलावतात, माहीत असो वा नसो. "गोंदियाकडे जाणारी महाराष्ट्र कितीवर लागणार?" असं विचारा. ज्याला माहीत आहे तो आकडा सांगेल, नाही तो "ठाऊक नाही" म्हणेल. दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत.

विचारायचं कोणाला, याचा माझा क्रम असा. चौकशी खिडकीवर रांग लहान असेल तर तिथे. नाहीतर फलाटावरचं स्टेशन मास्तरचं कार्यालय, कारण रूळ ठरवणाऱ्यांच्या सगळ्यात जवळची जागा ती. त्यानंतर हमाल. सामान घेऊन चुकीच्या फलाटावर उतरणं त्यांना परवडत नाही, म्हणून "दादा, नागपूरकडची कुठं लागतेय?" याला मिळणारं उत्तर सहसा भरवशाचं असतं. टीसी भेटले तर उत्तम. सहप्रवाशाला शेवटी विचारावं, कारण त्यानेही तुमच्याइतकंच अर्धवट ऐकलेलं असतं.

जुन्या माहीतगारांपासून एका बाबतीत सावध राहा. दादरला पूर्वी मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंचे फलाट १ पासून सुरू व्हायचे. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. रोज जाणाऱ्या काही जणांच्या तोंडी अजून जुने आकडे आहेत. कोणी मध्य रेल्वेच्या गाडीसाठी "चारवर" म्हणालं, तर "नवीन नंबर का?" असं एकदा विचारून घ्या.

## ९. डब्यात पाय ठेवण्याआधी

गाडी आली, डब्यावरच्या पाटीवर "कोल्हापूर – गोंदिया" आहे, म्हणून चढलात? थांबा. डबे तेच, जाताना आणि येताना वापरले जातात, म्हणून पाटीवर दोन्ही नंबर एकत्र असू शकतात. गाडी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे एवढं पाटी सांगते, ती कुठे चालली आहे हे सांगेलच असं नाही. काही डब्यांवर दिव्यांचा बोर्ड असतो. तो चालू असला आणि त्यावर एकच नंबर असला तर काम झालं.

नसला तर दारात उभ्या असलेल्या प्रवाशाला विचारा, "कुठून बसलात?" पुणे किंवा कोल्हापूर म्हणाला तर बिनधास्त चढा. नागपूर किंवा भुसावळ म्हणाला तर ही परतीची गाडी आहे, खालीच थांबा. तुमची अजून यायची आहे.

गाडी समोरच्या फलाटावर लागलेली दिसली तरी रुळांतून उडी मारून जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रूळ ओलांडणं गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय मधल्या रुळावरून न थांबणारी गाडी येत असेल तर तिची घोषणाही तुम्ही अर्धीच ऐकलेली असणार. पुलावरून जा. मोठ्या स्टेशनांत गाडी काही मिनिटं थांबते, आपला डबा लांब असेल तर समोर येईल त्या डब्यात चढून आतून चालत जाता येतं. फक्त सगळे डबे आतून जोडलेले असतातच असं नाही, जनरलच्या डब्यातून पुढे वाट मिळाली नाही तर पुढच्या स्टेशनावर उतरून डबा बदला.